आयफोनची होम स्क्रीन मूडप्रमाणे लावताना: आधी पानं, मग विजेट, रंग सगळ्यात शेवटी

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्याकडे सुट्टीत पाहुणे आले की चहाबरोबर एखादा तरी फोन माझ्या हातात येतो. तक्रार ठरलेली असते: "रंग लावला, विजेट लावले, आता सगळं विस्कटलंय, पहिल्यासारखं करून दे." पहिल्यासारखं करून देणं बहुतेक वेळा शक्य नसतं, कारण आयफोनमध्ये होम स्क्रीनला मागे जायचं बटण नाही. आणि चूक बहुतेक सगळ्यांची एकच असते. रंग दिसायला सगळ्यात आकर्षक, म्हणून लोक सुरुवात रंगापासून करतात. खरं तर तो शेवटी करायचा.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे, माझ्या वहिनींचा फोन. त्या सांगलीत हायस्कूलला शिकवतात, आठवड्यातून तीन संध्याकाळी मिरजेला गाणं शिकायला जातात आणि रात्री जेवणानंतर अर्धा-पाऊण तास फोन घेऊन निवांत बसतात. त्यांना तीन पानं हवी होती: शाळा, रियाज आणि निवांत. प्रत्येक वेळी तेवढंच पान समोर यावं, बाकीचं दिसू नये.

खालच्या पायऱ्या आयओएस १८ वर बेतलेल्या आहेत. आयकॉनला रंग चढवण्याची सोय २०२४ मध्ये त्याच आवृत्तीबरोबर आली आणि ती आयफोन एक्सआर, एक्सएस व त्यापुढच्या फोनवर चालते. आयओएस २६ मध्ये पर्यायांची मांडणी थोडी बदलली आहे, क्रम मात्र हाच. मेन्यूमधली नावं पडद्यावर दिसतात तशीच इंग्रजीत ठेवली आहेत, म्हणजे शोधताना गोंधळ नको. निवांत दीड-दोन तास हाताशी ठेवा.

## टप्पा १: हात लावण्याआधी

पहिलं काम म्हणजे आत्ता जी पानं आहेत त्या प्रत्येकाचा स्क्रीनशॉट. फोल्डर असतील तर ते उघडून त्यांचेही. Settings मध्ये Reset Home Screen Layout नावाचा पर्याय आहे, पण तो तुमची जुनी मांडणी परत आणत नाही. तो फोन नवा असतानाची मांडणी आणतो, फोल्डर मोडतो आणि तुम्ही घेतलेली ॲप एबीसीडीच्या क्रमाने लावून टाकतो. त्यामुळे परतीची वाट म्हणजे फक्त हे स्क्रीनशॉट. ते फोनमध्येच न ठेवता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा, काम करताना समोर धरायला बरे पडतात.

दुसरं काम कागदावर. एका पानावर आडवे ४ आणि उभे ६ असे २४ आयकॉन बसतात. छोटा विजेट त्यातल्या ४ जागा खातो, मध्यम ८ आणि मोठा १६. हे गणित आधी केलं नाही, तर निम्म्या कामानंतर जागा संपते आणि ॲप आपोआप पुढच्या पानावर ढकलली जातात. वहिनींच्या शाळेच्या पानाचा हिशेब असा होता: कॅलेंडरचा मध्यम विजेट ८, कामांच्या यादीचा मध्यम विजेट ८, उरल्या ८ जागा, म्हणजे दोन ओळी आयकॉन. त्यांनी सांगितलेली ॲप मात्र १३ होती. मग बसून पाच कमी केली. ही कापाकापी कागदावर होते, पडद्यावर होत नाही.

खालची पट्टी, म्हणजे डॉक, या हिशेबात धरू नका. त्यात चार आयकॉन बसतात आणि ते सगळ्या पानांवर, सगळ्या मूडमध्ये तेच राहतात. म्हणून तिथे कुठल्याही मूडचं नसलेलं ठेवा: फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, कॅमेरा.

सावध: आयकॉन काढताना दोन पर्याय येतात, Delete App आणि Remove from Home Screen. पहिल्याने ॲप फोनमधून जातं आणि त्यात साठवलेलंही सहसा जातं. आपल्याला कायम दुसराच हवा. त्याने ॲप फक्त पानावरून हटतं, सगळ्यात उजवीकडच्या App Library मध्ये ते असतंच.

## टप्पा २: रिकामी पानं तयार करणं

सगळ्यात आधी Focus, म्हणजे फोन शांत ठेवायची सोय, कुठलीही चालू असेल तर बंद करा. रात्री आपोआप लागणारा Sleep सुद्धा. Focus चालू असताना काही पानं लपलेली असू शकतात आणि मग आपण भलत्याच पानावर मेहनत घेत बसतो.

आता पडद्याच्या रिकाम्या जागी बोट दाबून धरा. आयकॉन थरथरायला लागले की सगळ्यात उजवीकडच्या पानावर जा आणि एक आयकॉन ओढत आणखी उजव्या कडेला न्या. नवं पान तयार होतं. पान टिकायला त्यावर काहीतरी असावं लागतं, म्हणून तात्पुरता एकेक आयकॉन टाकून तीन पानं करून घ्या.

एकाच वेळी बरेच आयकॉन हलवायचे असतील तर एक बोटाने धरून किंचित सरकवा आणि तो धरलेला असतानाच दुसऱ्या हाताने बाकीच्यांवर टिचकी मारा. ते पहिल्याखाली गठ्ठ्यासारखे जमा होतात. एकेक ओढत बसणाऱ्यांचा अर्धा तास इथे वाचतो.

पानांना नाव देता येत नाही. नाव Focus ला असतं, त्याकडे टप्पा ५ मध्ये येऊ.

तपासा: आयकॉन थरथरत असताना खालच्या ठिपक्यांवर टिचकी मारा. सगळी पानं छोट्या चित्रांत दिसतात आणि प्रत्येकाखाली बरोबरची खूण असते. तुमची तीनही नवी पानं इथे दिसली पाहिजेत. खूण काढली की पान लपतं. आत्ता लपवू नका, काम बाकी आहे.

## टप्पा ३: विजेट, आयकॉनच्या आधी

विजेट ठेवला की तो भोवतालच्या आयकॉनना धक्का देतो. म्हणून भरलेल्या पानावर विजेट टाकणाऱ्याला प्रत्येक वेळी सगळं पुन्हा लावावं लागतं. रिकाम्या पानावर आधी विजेट, मग उरलेल्या जागेत आयकॉन.

थरथरत्या अवस्थेत वर डावीकडे Edit आणि त्यात Add Widget. कामांच्या यादीसाठी Reminders घेतलं तर खूण तिथल्या तिथे विजेटवरच करता येते, ॲप उघडावं लागत नाही. ही सोय आयओएस १७ पासूनची आहे. वहिनींच्या यादीत "वह्या तपासणे – ९ ब" असं काहीतरी कायम असतं, तासाला जाता जाता त्या खूण करून मोकळ्या होतात.

रियाजाच्या पानावर Notes चा विजेट लावला. तो लावताना एकच टिपण दाखवायचं की पूर्ण फोल्डर, हे निवडता येतं. फोल्डर निवडला. "बंदिशी" नावाच्या फोल्डरमधली अलीकडची टिपणं आता पानावरच दिसतात.

आता हाताने घडवलेले विजेट, म्हणजे आपल्या फॉन्टमधली तारीख किंवा आपला फोटो. यासाठी मी Widgetsmith वापरतो. इथे लोक हमखास अडतात, म्हणून सावकाश सांगतो. हे काम दोन ठिकाणी होतं. आधी त्या ॲपमध्ये जाऊन विजेट घडवायचा: आकार, फॉन्ट, रंग, फोटो. पण तेवढ्याने तो पडद्यावर येत नाही. मग होम स्क्रीनवर येऊन Add Widget मधून Widgetsmith चा त्याच आकाराचा विजेट टाकायचा. शेवटी त्यावर बोट दाबून धरून Edit Widget मध्ये जायचं आणि आपण घडवलेल्यांपैकी नेमका कोणता दाखवायचा ते सांगायचं. शेवटची पायरी राहिली की भलताच विजेट दिसतो आणि आपण ॲपला नावं ठेवतो. ॲपमध्ये मध्यम घडवला आणि पडद्यावर छोटा टाकला, तर आपला विजेट यादीत सापडतच नाही. आकार दोन्हीकडे एकच हवा.

यादीत ॲपचं नावच येत नसेल तर ते ॲप एकदा उघडून बंद करा. नवं घेतलेलं ॲप एकदाही उघडलेलं नसलं की त्याचे विजेट यादीत येत नाहीत.

एक अपेक्षा आधीच सोडून द्या. विजेट सतत ताजा होत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी प्रणाली प्रत्येक विजेटला दिवसाचा कोटा देते. वारंवार बघितल्या जाणाऱ्या विजेटला ॲपलच्या माहितीनुसार दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा ताजं होता येतं, म्हणजे ढोबळमानाने पंधरा मिनिटं ते तासाभरात एकदा. पावसाळ्यात सांगलीकराचं सगळं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर असतं आणि मला दोघा-तिघांनी विचारलंय, त्याचा विजेट लावता येईल का. तारीख, हवामान, बंदिशी, यादी यांना विजेट ठीक. ज्या आकड्यावरून घरातलं सामान माळ्यावर चढवायचं की नाही हे ठरतं, त्याला विजेट नको. त्यासाठी सफारीत ते पान उघडून Share मधून Add to Home Screen करा. आयकॉन दाबला की ताजं पान उघडेल.

तपासा: प्रत्येक विजेटवर एकदा टिचकी मारा. योग्य ॲप, योग्य यादी, योग्य फोल्डर उघडतो का ते बघा. आत्ताच बघा, कारण रंग चढल्यावर सगळे विजेट एकसारखे दिसतात आणि चुकीचा पटकन लक्षात येत नाही.

## टप्पा ४: आयकॉन बसवणं

एकच ॲप दोन-तीन पानांवर ठेवता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. वहिनींना Notes शाळेच्या पानावरही हवं होतं आणि रियाजाच्याही. App Library मध्ये जाऊन आयकॉन दाबून धरा आणि तसाच ओढत पानावर आणा. आधीचा जिथे आहे तिथेच राहतो, दुसरी प्रत तयार होते. ॲप एकच, दारं दोन.

आयओएस १८ पासून आयकॉन वरून सलग लावण्याची सक्ती नाही, मधे मोकळी जागा सोडता येते. रियाजाच्या पानावर आम्ही तेच केलं. वर बंदिशींचा विजेट, मधे सगळं मोकळं आणि अगदी खालच्या ओळीत चारच आयकॉन: तानपुऱ्याचं ॲप, Voice Memos, Notes आणि Music. मांडी घालून बसलेल्या माणसाचा फोन समोर खाली ठेवलेला असतो. अंगठा खालच्या ओळीपर्यंतच सहज जातो.

पैशांची ॲप मात्र तिन्ही मूडमध्ये एकाच जागी ठेवा, किंवा मूडच्या पानांवर ठेवूच नका. कारण टप्पा ६ मध्ये कळेल.

शॉर्टकटने चित्र बदललेले आयकॉन काहींना हवे असतात. Shortcuts मध्ये Open App ही कृती घ्यायची, ॲप निवडायचं, मग Add to Home Screen करताना आपलं चित्र द्यायचं. ते चालतं, पण दोन तोटे आहेत. अशा आयकॉनवर न वाचलेल्या मेसेजचा लाल आकडा येत नाही आणि ॲप उघडताना वर क्षणभर एक पट्टी झळकते. शिवाय रंग चढवायचाच असेल तर हाताने केलेल्या चित्रांची मेहनत पाण्यात. दोन्हींपैकी एक ठरवा. माझं मत विचाराल तर चित्रं बदलण्याचा उद्योग आता करू नये. रंगाची सोय नव्हती तेव्हा त्याला अर्थ होता.

## टप्पा ५: Focus, म्हणजे मूडचा खटका

पानं तयार झाली. ती वेळेवर समोर आणण्याचं काम Focus करतो. Settings, Focus, वरचं अधिकचं चिन्ह, Custom. नाव "रियाज" असं देवनागरीत देता येतं. आत गेल्यावर Customize Screens मध्ये होम स्क्रीन निवडा आणि फक्त रियाजाच्या पानावर खूण करा. असंच बाकीच्या दोघांचं.

पण पान निवडण्याआधी एक गोष्ट करायची आहे आणि ती राहिली तर या सगळ्या सजावटीची किंमत मोजावी लागते. Focus मुळात फोन शांत ठेवण्यासाठी केलेली सोय आहे. पान बदलणं ही तिची जोडीची करामत. नवा Focus केला की तो फोन-मेसेज अडवायला लागतो. वहिनींचा "निवांत" आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा हे माझ्याच लक्षातून गेलं. एका रविवारी त्यांनी तो सकाळीच लावला. गॅस सिलेंडरवाल्याने खाली येऊन दोनदा फोन केला आणि निघून गेला. "अहो भाऊजी, फोन वाजलाच नाही की!" फोन वाजणारच नव्हता, मीच तसं करून ठेवलं होतं.

उपाय सोपा आहे. त्या Focus च्या आत People मध्ये जा. तिथे Allow Notifications From ऐवजी Silence Notifications From निवडा आणि यादी रिकामी ठेवा. अर्थ असा होतो की शांत करायची माणसं कुणीच नाहीत, म्हणजे सगळ्यांचे फोन येतील. Apps मध्येही हेच. मग Options मध्ये Hide Notification Badges बंद आहे ना ते बघा, नाहीतर न वाचलेल्या मेसेजचे आकडे दिसेनासे होतात. मुख्य Focus पानावरच्या Focus Status मध्ये जाऊन त्या Focus ची नोंद बंद करा, म्हणजे तुम्ही सूचना शांत केल्या आहेत असं समोरच्याला उगाच दिसणार नाही. रियाजाच्या वेळी मात्र वहिनींनाच शांतता हवी होती. तिथे Allow ठेवून घरातल्या चौघांची नावं घातली.

तपासा: Focus लावा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजला पाहिजे. मग यादीत नसलेल्या फोनवरून द्या आणि ठरवल्याप्रमाणे वागतो का ते बघा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता हा खटका दाबायचा कुणी? Set a Schedule मध्ये तीन मार्ग आहेत: वेळ, ठिकाण आणि ॲप.

ॲपचा मार्ग सगळ्यांना हुशारीचा वाटतो. तानपुऱ्याचं ॲप उघडलं की रियाज लागेल! लागतो, पण ते ॲप चालू असेपर्यंतच. ॲप सोडून होम स्क्रीनवर आलं की Focus उतरतो आणि जे पान बघायचं होतं तेच दिसत नाही. होम स्क्रीनसाठी हा मार्ग बाद.

ठिकाणाचा मार्ग मिरजेसाठी उत्तम चालला. क्लासची जागा नकाशावर दिली, तिथे पोहोचल्यावर रियाज आपोआप लागतो. शाळेला मात्र तो फसला. शाळा घरापासून चालत तीन मिनिटांवर आहे, नकाशावरचं वर्तुळ घरापर्यंत यायचं आणि रविवारी सकाळी पोहे करतानाही फोनवर शाळेचं पान. दोन ठिकाणं जवळजवळ असतील तर वेळच द्या: सोमवार ते शुक्रवार सव्वादहा ते सव्वापाच, शनिवारी सकाळची शाळा म्हणून वेगळी वेळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे वेळापत्रक हाताने बंद करावं लागतं, फोनला सुट्टी कळत नाही.

निवांतला वेळापत्रक दिलंच नाही. तो Control Center मधून Focus चं बटण दाबून हाताने लावायचा. निवांतपणा ठरलेल्या वेळी येत नाही, असं वहिनींचं म्हणणं पडलं.

तिन्ही Focus तपासून झाले की पुन्हा पानांच्या छोट्या चित्रांत जा आणि मूडच्या तीनही पानांची खूण काढा. आता कुठलाही Focus नसताना फक्त नेहमीचं पान दिसेल. लपवलेलं पान Focus लागल्यावर बरोबर येतं. पुढे कधी त्यात बदल करायचा असेल तर Focus बंद करून खूण परत लावा, काम करा, पुन्हा काढा.

## टप्पा ६: रंग आणि पार्श्वभूमी

इथे एक मर्यादा आहे आणि ती न कळल्याने लोक तासन्‌तास शोधत बसतात. आयकॉनचा रंग सगळ्या फोनला एकच असतो. शाळेला निळा, रियाजाला केशरी, निवांतला हिरवा असं होत नाही. Focus बदलला तरी रंग बदलत नाही. पानापानांचा वेगळेपणा आणायचा तो पार्श्वभूमीच्या चित्राने.

म्हणून आधी चित्रं. लॉक स्क्रीनवर बोट दाबून धरा, अधिकच्या चिन्हाने नवी लॉक स्क्रीन करा, फोटो निवडा. जोडीच्या होम स्क्रीनला तोच फोटो, साधा रंग किंवा दुसरा फोटो देता येतो. फोटो दिला आणि तो धूसर दिसतोय, तर Blur चालू राहिलंय, ते बंद करा. अशा तीन केल्या. मग Settings मध्ये प्रत्येक Focus च्या Customize Screens मधून त्याची लॉक स्क्रीन जोडून दिली. आता Focus लागला की पान आणि चित्र दोन्ही बरोबर बदलतात. उलटंही होतं बरं का: लॉक स्क्रीन नुसती सरकवून बदलली तरी तिला जोडलेला Focus लागतो. "आपोआप शाळा लागली" अशी तक्रार आली तर आधी हे बघा.

आता रंग. रिकाम्या जागी दाबून धरा, Edit, Customize. खाली Tinted निवडा. दोन पट्ट्या येतात, एक रंगाची आणि एक गडद-फिक्याची. थेंबाच्या पिचकारीसारखं चिन्ह आहे, त्याने पार्श्वभूमीतला एखादा रंग उचलता येतो. तिन्ही चित्रांवर शोभेल असाच रंग हवा, म्हणून पिचकारी एकाच चित्रावर वापरून थांबू नका. तिन्ही Focus लावून बघा.

वहिनींनी हळदी रंग निवडला. सांगलीत राहून दुसरा कुठला, असं त्याच म्हणाल्या. पहिल्यांदा अगदी भडक लावला. घरात छान दिसला, पण बाहेर उन्हात आयकॉनमधल्या बारीक रेषा दिसेनात. दुसऱ्या पट्टीने जरा उतरवला तेव्हा जमलं. रंग पक्का करण्याआधी फोन घेऊन एकदा अंगणात किंवा गच्चीवर जा.

रंगाचे दोन परिणाम आधीच माहीत असलेले बरे. पहिला, विजेटही त्याच रंगात रंगतात. वहिनींनी निवांतच्या पानावर नातवाचा फोटो मोठ्या विजेटमध्ये लावला होता. रंग चढवला आणि पोरगं हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखं दिसायला लागलं. पार्श्वभूमीच्या चित्राला मात्र हा रंग लागत नाही. म्हणून नातू विजेटमधून काढून निवांतच्या पार्श्वभूमीवर नेला आणि तानपुऱ्याचा फोटो रियाजाच्या. ज्या फोटोचे मूळ रंग महत्त्वाचे, तो पार्श्वभूमीवर. हे आधी सुचलं असतं तर टप्पा ३ मधली २० मिनिटं वाचली असती.

दुसरा, आपण आयकॉन नावाने कमी आणि रंगाने जास्त ओळखतो. सगळे हळदी झाले की हिरवं व्हॉट्सॲप आणि जांभळं फोनपे यांच्यातला फरक फक्त आकृतीचा उरतो. पैशांच्या ॲपची जागा बदलू नका असं टप्पा ४ मध्ये म्हटलं ते यासाठी. त्याच Customize मध्ये आयकॉन मोठे करायचा पर्याय आहे, पण मोठे केले की खालची नावं जातात. रंग नाही, नाव नाही, मग ओळखायचं कशावरून? दोन्ही एकदम करू नका. वयस्कर माणसाच्या फोनवर तर Tinted लावूच नये असं माझं मत आहे. Dark निवडा. आयकॉनची पार्श्वभूमी काळी होते, पण त्यातले मूळ रंग बहुतांशी राहतात.

तपासा: तिन्ही Focus एकामागोमाग लावा. प्रत्येक वेळी चार गोष्टी बघा: योग्य पान, योग्य चित्र, विजेटमधली अक्षरं वाचता येतात का, आणि फोन वाजतो का.

## महिन्याभरात जे बिघडतं

नवं ॲप घेतलं की त्याचा आयकॉन पानावर कुठेतरी येऊन बसतो आणि जपून सोडलेली मोकळी जागा भरते. Settings मध्ये Home Screen & App Library आहे. तिथे नव्या ॲपसाठी App Library Only निवडा. नवं आलेलं सगळं मागच्या खोलीत जाईल, हवं तेवढंच तुम्ही ओढून पानावर आणा.

घरात त्याच ॲपल खात्यावर आयपॅड असेल तर फोनवर लावलेला Focus तिथेही लागतो. वहिनींच्या आयपॅडवर नातू कार्टून बघतो. संध्याकाळी आजी मिरजेला पोहोचली की घरात आयपॅडवर रियाज लागायचा. Focus च्या मुख्य पानावर सगळ्यात खाली Share Across Devices आहे, ते बंद केलं.